अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी?

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. इतिहासाचे सर रजेवर असले की त्यांचा तासही बहुतेक माझ्याच वाट्याला येतो. अशाच एका तासाला पानिपत निघालं. मार्गदर्शकात वाचलेला नियम एका मुलाला पाठ होता: शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. त्याने फळ्यावर मांडलं, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. अधिक ७८. उत्तर १७६०. मग वळून मला म्हणाला, "टीचर, किताब में तो चौदा जानेवारी १७६१ लिखा है. एक साल कहाँ गया?"

प्रश्न रास्त होता. पुस्तकही बरोबर होतं आणि मुलाची बेरीजही बरोबर होती. अपुरा होता तो पाठ केलेला नियम. मार्गदर्शकांत तो नेहमी अर्धाच छापतात, कारण पूर्ण छापला तर दोन ओळी जास्त लागतात. उरलेला अर्धा भाग असा: ७८ मिळवायचे ते गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या तिथींना. १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. पानिपतची लढाई पौषात, आणि त्या वर्षी जानेवारीत झाली. म्हणून १६८२ अधिक ७९, म्हणजे १७६१.

कारण साधं आहे, पण ते फळ्यावर आडवी रेघ ओढून दाखवल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दोन वर्षं एकाच दिवशी सुरू होत नाहीत. इसवी सन १ जानेवारीला बदलतो, शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला. मधले अडीच-तीन महिने इसवी सन एक घर पुढे गेलेला असतो आणि शक अजून जुन्याच घरात असतो. त्या मुदतीत दोघांमधलं अंतर एकाने जास्त भरतं. पाडवा आला की शकही पुढचं घर गाठतो आणि अंतर पुन्हा ७८ वर येतं. उलट जायचं असेल, म्हणजे इसवी सनावरून शक काढायचा असेल, तर हेच आकडे वजा करायचे. जानेवारीची तारीख असेल तर ७९, जूनची असेल तर ७८.

मुलांचा पुढचा प्रश्न मला अपेक्षितच होता. आपल्या हिजरी सनासाठीही असाच एक आकडा असेल ना? नाही. हिजरीसाठी असा कायमचा आकडा नसतो. हे सांगितलं की शकाचा आकडा कायम का राहतो, तेही जास्त चांगलं कळतं.

चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सौर वर्षापेक्षा हे अकरा दिवसांनी कमी. हिजरी सन ही तूट भरून काढत नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. माझ्या पहिल्या रोज्याच्या वेळी थंडी होती, नंतर तोच रमजान भर उन्हाळ्यात आला. तेहतीसेक सौर वर्षांत हिजरी सन एक वर्ष जास्त मोजून मोकळा होतो. त्यामुळे दोन सनांतलं अंतर सतत घटत जातं. पानिपतच्या वेळी हिजरी ११७४ चालू होतं, इसवी १७६१. फरक ५८७. जून २०२५ मध्ये हिजरी १४४७ लागलं, फरक ५७८. पावणेतीनशे वर्षांच्या आत नऊ वर्षं गळाली. म्हणून हिजरीचा हिसाब करताना गुणाकार लागतो: हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. तेही उत्तर अंदाजेच असतं.

हिंदू पंचांगातही महिने चंद्राचेच आहेत. पण तिथे अकरा-अकरा दिवसांची ती तूट साठत साठत महिनाभराची झाली की एक जादा महिना घालतात. तोच अधिक महिना, आपल्याकडच्या बायका ज्याला धोंड्याचा महिना म्हणतात तो. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो. त्याच्यामुळे चैत्र घसरत घसरत जानेवारीत जात नाही. तो थोडा मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलला जातो. २०२३ साली पाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. झोका आहे, पण दोरीला बांधलेला. म्हणूनच शकात मिळवायचा आकडा साडेतीनशे वर्षांपूर्वीही ७८ किंवा ७९ होता आणि आजही तेवढाच आहे.

पानिपतचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत सांगते. माझ्या वर्गातल्या मुलांना तीच सगळ्यात जास्त आवडली. मराठ्यांच्या मोडी कागदांवर शकाबरोबर, आणि पुष्कळदा शकाऐवजी, सुहूर सन लिहिलेला असतो. तो आकड्यात नसून अक्षरात असतो, आणि ती अक्षरं अरबी आहेत. पानिपतच्या वर्षाच्या पत्रांवर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं येतं. मराठी माध्यमाच्या मुलाला हा मंत्र वाटेल. माझ्या मुलांनी तो ऐकताऐकताच फोडला: इहदा म्हणजे एक, सित्तीन म्हणजे साठ, मिअत म्हणजे शंभर, अल्फ म्हणजे हजार. ११६१. सुहूर सनाची सुरुवात मृग नक्षत्राला होते, पेरणीच्या तोंडावर. त्यामुळे तिथेही दोन आकडे लागतात: मृगापासून डिसेंबरअखेर ५९९, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. जानेवारीतली लढाई, म्हणून ११६१ अधिक ६००. उत्तर १७६१. शकाने दिलेलं वर्ष सुहूर सनाने पक्कं केलं. एकाच कागदावर दोन सन असले की ते एकमेकांचे साक्षीदार होतात. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत तर आपण कुठेतरी चुकीचा आकडा मिळवलाय, किंवा कागद चुकीचा वाचलाय, असं समजावं.

आता या नियमातली खरी अडचण. चैत्र ते कार्तिक या आठ महिन्यांना डोळे मिटून ७८ मिळवावेत. माघ आणि फाल्गुनाला डोळे मिटून ७९. मधले दोन, मार्गशीर्ष आणि पौष, मात्र दगा देतात. १ जानेवारी बहुधा या दोघांपैकी एकात पडते, आणि कुठल्या तिथीला पडेल ते त्या त्या वर्षावर अवलंबून असतं.

उदाहरणादाखल शके १९४१ घ्या. त्या वर्षी मार्गशीर्ष अमावास्येला, २६ डिसेंबर २०१९ ला, सूर्यग्रहण होतं. दुसऱ्या दिवशी पौष लागला. त्यामुळे पौषाचे पहिले काही दिवस २०१९ मध्ये आणि बाकीचा महिना २०२० मध्ये. एकाच महिन्याच्या सुरुवातीला ७८ आणि उरलेल्या दिवसांना ७९. याउलट शके १९४५ मध्ये मार्गशीर्ष १३ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आणि पुढच्या वर्षाच्या ११ जानेवारीपर्यंत चालला. तिथे पौष पूर्णच्या पूर्ण २०२४ मध्ये गेला आणि मार्गशीर्षाचा शेवटचा भागही. म्हणून कागदावर नुसतं 'पौष, शके अमुक' असेल आणि तिथी नसेल, तर उत्तर एका वर्षात देण्याचा अट्टहास करू नये. दोन वर्षं तिरप्या रेघेने लिहावीत. तिथी असेल तर त्या वर्षाचं पंचांग किंवा तिथी-तारखांची जंत्री उघडावी. जुन्या वाचनालयांत अशा जंत्र्या असतात, आणि आता संगणकावरही असे तक्ते मिळतात.

जंत्री हाताशी नसेल तर वार उपयोगी पडतो. जुने लोक तिथीबरोबर वार लिहायचे. तारीख बरोबर निघाली असेल तर वारही जुळलाच पाहिजे. १४ जानेवारी १७६१ ला बुधवार येतो आणि पानिपतचा वार बुधवारच नोंदलेला आहे. मुलाने काढलेलं १७६० धरलं तर १४ जानेवारीला सोमवार येतो.

या सगळ्याचं सर्वांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म. जेधे शकावली, जी लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तिच्यात ही नोंद आहे: शके १५५१, शुक्लनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आपण सवयीने ७८ मिळवले तर १६२९ येतं. पण महिना फाल्गुन. शके १५५१ चा पाडवा १६२९ च्या वसंतात आला, आणि त्या शकाचा फाल्गुन आला तोवर इसवी सन बदलून दीड-दोन महिने झाले होते. म्हणून ७९. उत्तर १६३०, आणि तारीख १९ फेब्रुवारी.

राज्याभिषेकाला ही अडचण येत नाही. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ज्येष्ठ डिसेंबरच्या कितीतरी आधी येतो, सरळ ७८ मिळवा, १६७४. महाराजांच्या निधनाचंही तसंच. चैत्र पौर्णिमा, शके १६०२, म्हणजे १६८०. तिन्ही तारखांपैकी एकच एकोणऐंशीची आहे. उपप्राचार्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत जो कोणी मला १६२९ सांगतो, तो तिथेच अडखळलेला असतो.

इथे एक खुलासा करते, कारण या विषयावर लोक तावातावाने भांडतात. १६२७ की १६३० हा जो जुना वाद होता, तो बेरजेचा नव्हता. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ अशी दुसरी नोंद होती, तिच्यात ७८ मिळवले की १६२७ येतं आणि गणित म्हणून तेही बिनचूक आहे. वाद कुठली नोंद विश्वसनीय, याचा होता. आपल्या हातातला ७८-७९ चा आकडा एवढंच करतो की एका कालगणनेतलं वर्ष दुसरीत नेऊन ठेवतो. मूळ नोंद खरी की खोटी हे तो सांगू शकत नाही.

दुसरी एक बारीक गोष्ट. १९ फेब्रुवारी ही तारीख त्या काळच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो, दहा दिवसांचा फरक. वार दोन्हीकडे शुक्रवारच, कारण दिवस तोच, फक्त त्याचं नाव बदललं. वर्षालाही धक्का लागत नाही. पण वर्षाच्या अगदी टोकाची तारीख असेल, डिसेंबरअखेरची, तर हे दहा दिवस वर्षही बदलू शकतात.

आणि त्या नोंदीतलं शुक्लनाम संवत्सर? तेही निरर्थक नाही. साठ संवत्सरांचं एक चक्र असतं, प्रभव, विभव, शुक्ल असं क्रमाने. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं आणि बाकी पाहायची. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३, भागून बाकी उरते ३. तिसरं संवत्सर शुक्ल. जुळलं. राज्याभिषेकाचा १५९६ घेतला तर बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. तेही जुळतं. ही पडताळणी इसवी सनाची नाही हे लक्षात ठेवा. शकाचा आकडा आपण नीट वाचला की नाही, एवढंच तिने कळतं. हस्तलिखितात शाई फुटलेली असते, ४ आणि ५ एकमेकांसारखे दिसतात, तिथे संवत्सराचं नाव निकाल देतं.

या पडताळणीचा उपयोग मी पहिल्यांदा केला तो इतिहासाच्या पुस्तकात नाही, घरात.

माझी अम्मा शाळेत गेली नाही. शाळेत गेली असती तर तिलाही १ जून ही जन्मतारीख मिळाली असती. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस गुरुजींच्या सोयीने १ जूनलाच येतो. अम्माच्या नावावर तीही नव्हती. अब्बा गेल्यानंतर पासष्टीनंतरच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज करायचा ठरला, तेव्हा वयाचा पुरावा शोधायला लागलो. नानीच्या घरासमोर एक भिक्षुक राहायचे, गाव त्यांना बुवा म्हणायचं. पंचांग सांगायचे, आणि रोज रात्री वहीत चार ओळी लिहायचे. त्यांच्या मुलाने त्या वह्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्यांनीच शोधून दाखवलं: रंगपंचमी, नंदन संवत्सर, समोरच्या घरी कन्या, दोघी सुखरूप. नानी सांगायची की सुईण रंगाने भिजलेल्या लुगड्यानेच धावत आली होती. दिवस तर पक्का जुळला. शकाचे आकडे होते १८७ आणि शेवटी एक पुसट अंक, ४ किंवा ५.

तिथे साठाचा भागाकार कामाला आला. १८७४ अधिक १२ म्हणजे १८८६, बाकी २६, सव्विसावं संवत्सर नंदन. १८७५ असतं तर विजय लिहिलं असतं. म्हणजे शके १८७४, फाल्गुन वद्य पंचमी.

हा कागद घेऊन मामू अर्ज लिहून देणाऱ्याकडे गेले. त्याने क्षणात ७८ मिळवले आणि १९५२ लिहून टाकलं. मामू घरी येऊन खूश होऊन सांगत होते, कारण ते साल २०१७ होतं. १९५२ धरलं तर अम्माला पासष्ट पूर्ण झालेली होती आणि पैसे लगेच सुरू होणार होते. मी म्हटलं, मामू, फाल्गुन आहे, ७९ मिळवायला पाहिजेत. मार्च १९५३. पासष्ट पूर्ण व्हायला अजून वर्ष आहे.

घरात चर्चा झाली. एक वर्षाचे पैसे आमच्या घराला कमी नव्हते. मामूंचं म्हणणं, आपण थोडंच खोटं लिहितोय, त्या माणसाने हिशेब केला, आपण कुठे अडाणी माणसाला दुरुस्त करत बसायचं. मी त्यांच्यापुढे बुवांची तीच वही पुन्हा उघडली. तिच्यात दीड वर्ष आधीचं एक पान होतं: शके १८७३, नागपंचमी, समोरच्या घरी मुलगा. हे मामू स्वतः. नागपंचमी श्रावणात, म्हणून ७८, म्हणजे ऑगस्ट १९५१. आता अम्माचा जन्म मार्च १९५२ चा धरला, तर मामूंच्या मागून सात महिन्यांत ती जन्मली असं होतं. मामूंनी बोटांवर महिने मोजले, दोनदा मोजले, आणि मग म्हणाले, "नानीवर असा इल्जाम नको." अर्ज १९५३ चा गेला. पैसे एक वर्षाने सुरू झाले.

जुन्या वह्या, कुंडल्या, देणग्यांच्या पावत्या, कबरींवरचे आणि विहिरींवरचे शिलालेख वाचणाऱ्यांना ही युक्ती उपयोगी पडेल. एकाच घरातल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक वर्षाची चूक एकटी असताना दिसत नाही. बाळ आणि थोरलं भावंड, लग्न आणि पहिलं मूल, खरेदीखत आणि त्याचा हप्ता अशी जोडी लावली की ती लगेच उघडी पडते. अगदी जुन्या ताम्रपटांत मात्र आणखी एक गुंता असतो. शकाचा आकडा सहसा सरलेल्या वर्षांचा असतो, पण काही ठिकाणी चालू वर्षाचा लिहिलेला सापडतो, आणि तेवढ्यानेही एका वर्षाचा फरक पडतो. तिथे वार आणि ग्रहण यांचाच आधार घ्यावा लागतो.

बुवांऐवजी समोर एखाद्या गुजराती किंवा मारवाडी व्यापाऱ्याचं दुकान असतं, तर वहीत शक नसता, विक्रम संवत असता. तिथे मिळवायचं नाही, वजा करायचं. साधारण आकडा ५७. पण गुजराती चोपडीचं वर्ष दिवाळीनंतरच्या पाडव्याला, कार्तिकात बदलतं. म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ आणि जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६. विक्रम संवत २०८१ ची गुजराती चोपडी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यातला भाद्रपद २०२५ चा. उत्तरेत मात्र हाच संवत चैत्रात बदलतो. त्यांचा २०८१ एप्रिल २०२४ मध्येच लागला होता, म्हणून त्यांचा भाद्रपद, संवत २०८१, हा २०२४ चा. आकडा एकच, महिना एकच, आणि तरी दोन दुकानांच्या वह्यांत एका वर्षाचं अंतर. आधी वही कुणाची हे विचारावं, मग वजाबाकी करावी.

आणि राजपत्रावर छापलेला शक पाहून तो पंचांगातलाच आहे असं समजू नये. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे चैत्र १, शके १८७९ पासून, सरकारने जो राष्ट्रीय शक स्वीकारला, त्यात महिन्यांची नावं तीच, चैत्र, वैशाख, पण चंद्राचा संबंध नाही. तिथी नाही, शुद्ध-वद्य नाही, नुसता दिवसाचा आकडा. नवं वर्ष दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. तिथेही ७८ आणि ७९ चीच बेरीज चालते, फक्त सीमा पक्की. पण मार्च-एप्रिलमध्ये दोन्ही शक वेगळे पडू शकतात. १ एप्रिल २०२४ घ्या. राजपत्राच्या हिशेबाने तो दिवस चैत्र १२, शके १९४६. भिंतीवरच्या पंचांगात त्याच दिवशी फाल्गुन वद्य पक्ष चालू होता, शके १९४५, कारण पाडवा अजून आठ दिवस लांब होता. पहिल्यात ७८ मिळवा, दुसऱ्यात ७९. दोन्हीकडे २०२४ येतं. मात्र राजपत्रातला १९४६ घेऊन त्यापुढे पंचांगातला फाल्गुन लिहिला, तर तो कागद थेट २०२५ मध्ये जाऊन पडतो.